दोन मजली शाळा, तीन सांगाडे: अंतर्भूत कार्बनचा एक हिशेब

पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठ वर्गांची शाळा बांधायची होती. तळमजल्यावर चार वर्ग, वर चार, पुढे व्हरांडा आणि एका टोकाला जिना. वर्ग आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. दोन्ही मजले धरून बांधीव क्षेत्र ६०० चौरस मीटर. जागा माळावरची, ९० सेंटिमीटर खणलं की कडक मुरूम. देणगी देणाऱ्यांची एक अट होती: सांगाडा कोणता घ्यायचा हे ठरवताना खर्चाच्या शेजारी कार्बनचाही रकाना हवा. म्हणजे ही इमारत उभी करताना किती टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाणार, याचा आकडा.

पर्याय तीन होते. पहिला, सगळीकडे दिसतो तो आरसीसी फ्रेम आणि मध्ये २३० मिलिमीटरच्या विटांच्या भिंती. दुसरा, कन्फाइंड मेसनरी. यात वजन भिंतीच उचलतात. कोपऱ्यांत, दारांच्या कडेला आणि लांब भिंतीत ठरावीक अंतरावर बारीक कॉलम असतात, तर जोतं, लिंटेल आणि स्लॅबच्या पातळीला काँक्रीटचे पट्टे भिंत बांधून धरतात. आयआयटी गांधीनगरच्या आवारातल्या निवासी इमारती याच पद्धतीच्या आहेत. तिसरा पर्याय लोखंडी सेक्शनचा सांगाडा, पन्हाळी पत्र्यावर ओतलेला स्लॅब आणि हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या भिंती.

पहिला तक्ता मीच केला होता आणि तो चुकला. चूक बेरजेत नव्हती, म्हणून ती कुणाच्या लक्षात आली नाही.

त्या तक्त्यात मी फक्त 'स्ट्रक्चर' मोजलं होतं. तिन्ही पर्यायांत सिमेंट पीपीसी धरलं होतं, म्हणजे वीज केंद्राची राख, फ्लायॲश, मिसळलेलं. लोखंडी सांगाडा ११० टन, आरसीसी फ्रेम ११८ टन, आणि भट्टीच्या विटांची कन्फाइंड मेसनरी १३३ टन. म्हणजे लोखंड सर्वांत हलकं आणि भिंतीवर उभी इमारत सर्वांत जड. बैठकीत हा क्रम सगळ्यांना पटलाही, कारण 'विटा म्हणजे भट्टी, भट्टी म्हणजे धूर' हे डोक्यात पक्कं असतं.

नंतर प्रमाणं पुन्हा पाहताना शंका आली. कन्फाइंड मेसनरीत भिंत हेच स्ट्रक्चर, म्हणून तिथल्या सगळ्या विटा मोजल्या गेल्या. फ्रेमच्या पर्यायात भिंती वजन उचलत नाहीत, म्हणून त्या रकान्यातून गळल्या. पण भिंतीविना शाळा भरत नाही. फ्रेम असली तरी वर्गाला चार भिंती लागणारच, आणि त्या १२० घनमीटर विटा कुठल्या तरी भट्टीतूनच येणार. मी सांगाड्याची तुलना सांगाड्याशी केली होती. करायला हवी होती वापरायला तयार वर्गाची वापरायला तयार वर्गाशी.

म्हणून हद्द नव्याने आखली. पाया, जोतं, कॉलम, बीम, स्लॅब, जिना आणि सगळ्या आतल्या-बाहेरच्या भिंती आत. गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, रंग, वायरिंग आणि स्वच्छतागृहाचं वेगळं युनिट बाहेर, कारण ते तिन्ही पर्यायांत जवळपास सारखंच. युरोपीय मानक ईएन १५९७८ इमारतीचं आयुष्य टप्प्यांत मोडतं. त्यातले कच्च्या मालापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचे ए१ ते ए३ टप्पे पूर्ण घेतले. साइटवर वाया जाणारा माल त्याच प्रमाणांत मिळवला. साइटपर्यंतची वाहतूक, म्हणजे ए४, वेगळी काढली. खोदाईचं डिझेल, सेंट्रिंगच्या फळ्या, वापरातली वीज, पन्नास वर्षांनंतरची पाडापाडी आणि त्यानंतर लोखंडाचा पुनर्वापर, यांतलं काहीही धरलं नाही. हा शेवटचा मुद्दा लोखंडी पर्यायावर थोडा अन्याय करणारा आहे, कारण भंगारातून सेक्शन परत वितळवता येतो. पण पन्नास वर्षांनी कोण काय वितळवेल याचं श्रेय आजच्या रकान्यात जमा करणं मला पटलं नाही.

वाहतुकीने फारसा फरक पडला नाही. ट्रकसाठी टनामागे दर किलोमीटरला ०.१ किलो धरलं. खडी, वाळू, विटा असा जड माल जवळून येतो. लोखंडी सेक्शन दुरून येतात, पण टन थोडे. तिन्ही पर्यायांत वाहतूक ३ ते साडेतीन टनांच्या आतच राहिली, म्हणून पुढच्या आकड्यांत ती मिसळलेली नाही.

आता आकडे कुठून आणायचे. देशातल्या मालासाठी जागतिक बँक समूहातल्या आयएफसीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय बांधकाम साहित्याची माहिती हा आमचा पहिला आधार होता. ब्रिटनच्या बाथ विद्यापीठात सुरू झालेला, बांधकाम साहित्याच्या कार्बनचा आयसीई डेटाबेस ताळ्यासाठी शेजारी ठेवला, पण विटांसाठी तो वापरला नाही. ब्रिटनमध्ये वीट बोगदा भट्टीत गॅसवर भाजतात, आपल्याकडे आवा रचून कोळशावर. जिथे शक्य तिथे आकडा आम्ही मूळ घटकांवरून स्वतः बांधला, म्हणजे तो चुकला तर कुठे चुकला हे कळतं.

सिमेंटचंच पाहा. चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, क्लिंकरच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.५२ किलो. इंधन कोणतंही वापरा, हा भाग कमी होत नाही. त्यात भट्टीचा कोळसा आणि दळणाची वीज मिळवली की ओपीसीचा, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटचा, आकडा किलोमागे ०.८८ आला. पीपीसीमध्ये क्लिंकरची जागा काही अंशी फ्लायॲश घेते. भारतीय मानक आयएस १४८९ नुसार ती १५ ते ३५ टक्के चालते. ३० टक्क्यांच्या आसपास धरून आकडा ०.६२ झाला. एम२५ काँक्रीटमध्ये ओपीसी घनमीटरमागे ३४० किलो, तर पीपीसी थोडं जास्त म्हणून ३५० किलो धरलं. खडी, वाळू आणि मिक्सिंगचे २० किलो मिळवून घनमीटरमागे ३२० आणि २४० किलो असे दोन गोल आकडे हाती आले.

विटांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. भट्टीची पारंपरिक वीट तीन किलोची आणि एका घनमीटर बांधकामात ५०० विटा, म्हणजे दीड टन भाजलेली माती. किलोमागे ०.२५ धरलं तर ३७५ किलो, मसाल्याच्या सिमेंटचे ३७, मिळून जवळपास ४१०. पण भट्टीवर जाऊन विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "कोळशाचा काटा हाय माझ्याकडं, चिपाडाचा न्हाई." उसाच्या पट्ट्यात चिपाड, तूस असं बरंच काही आव्यात जातं. नुसता वजन केलेला कोळसा धरला तर आकडा २८० पर्यंत उतरतो. चिपाडाचा कार्बन उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो शून्य धरण्याचा प्रघात आहे. आम्ही मूळ हिशेब ४१० ने केला आणि २८० ची चाचणी बाजूला ठेवली.

फ्लायॲश विटेचं गणित सरळ निघालं. ती भाजत नाहीत, सिमेंट घालून दाबतात आणि पाणी मारतात. घनमीटर बांधकामातल्या विटांचं वजन १,३०० किलो आणि त्यात ८ टक्के सिमेंट, म्हणजे १०४ किलो ओपीसीचे ९२ किलो कार्बन. राख नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रातून आणायची तर सुमारे २०० किलोमीटरच्या वाहतुकीचे १४. मसाल्याचे ३७, यंत्राच्या विजेचे थोडे. एकूण १५०. यात राखेवर स्वतःचा बोजा शून्य धरला आहे, कारण ती वीज केंद्राचा कचरा मानली जाते. हे गृहीतक पक्कं नाही. कोळशाच्या धुराचा एक वाटा राखेच्या नावावर टाकायचा असं कुणी ठरवलं, तर पीपीसी आणि फ्लायॲश वीट या दोघांचेही आकडे वर सरकतील.

सळईला किलोमागे २.५, लोखंडी सेक्शनला २.६, गॅल्वनाइज्ड पत्र्याला ३.० आणि एएसी ब्लॉकच्या भिंतीला घनमीटरमागे २८० किलो धरले. काळ्या दगडाच्या पायाला घनमीटरमागे ६०, आणि त्यातला बहुतेक मसाल्याचाच.

हद्द बदलल्यावर आणि सगळीकडे पीपीसी धरल्यावर चित्र असं झालं.

| पर्याय | भट्टीची वीट | फ्लायॲश वीट |
|---|---|---|
| आरसीसी फ्रेम | १६७ टन | १३६ टन |
| कन्फाइंड मेसनरी | १३३ टन | ९५ टन |
| लोखंडी सांगाडा (एएसी भिंती) | १३२ टन | १३२ टन |

पहिल्या तक्त्यात जो पर्याय तळाशी होता, तो फ्लायॲश विटेसह सर्वांत वर आला. चौरस मीटरमागे पाहिलं तर कन्फाइंड मेसनरी १५९ किलो आणि आरसीसी फ्रेम २२६ किलो.

फ्रेम मागे का पडली हे प्रमाणांत दिसतं. तिला २४० घनमीटर काँक्रीट आणि २४ टन सळई लागते. कन्फाइंड मेसनरीला १६० घनमीटर आणि साडेबारा टन. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे जिल्हा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतो आणि शाळेला महत्त्व गुणांक १.५ आहे, म्हणजे साध्या घरापेक्षा दीडपट भूकंपबल धरायचं. वर डक्टाइल डिटेलिंगच्या, म्हणजे भूकंपात सांगाडा तुटण्याऐवजी वाकावा यासाठीच्या, जवळजवळ बांधलेल्या रिंगा. फ्रेममध्ये हे सगळं कॉलम-बीमच्या जोडांवर येतं. भिंत शेजारी उभी असते, वजनही देते, पण हिशेबात तिची मदत धरलेली नसते. एकाच कामासाठी आपण दोनदा माल विकत घेतो. कन्फाइंड मेसनरीत उलट, विटा थोड्या वाढून १४५ घनमीटर होतात आणि ६५ घनमीटर दगडी पाया येतो, पण कॉलम बारीक राहतात आणि त्यांचे खोल फुटिंग वाचतात.

इथेच मला थांबावं लागलं, कारण ९५ हा आकडा बैठकीत भलत्याच अर्थाने वापरला जाणार होता. ठेकेदाराच्या नेहमीच्या इस्टिमेटमध्ये ओपीसी आणि भट्टीची वीट असते. त्या फ्रेमचा हिशेब १८६ टन येतो. १८६ वरून ९५, 'निम्म्याने कार्बन कमी', असं कुणीतरी बॅनरवर लिहिणारच. प्रत्यक्षात ९१ टनांच्या या फरकातले ५० टन सिमेंट आणि वीट बदलल्याने आलेत, सांगाडा तोच ठेवून. पद्धत बदलल्याचे फक्त ४० टन. आणि ते ४०ही विटेवर टिकून आहेत. कन्फाइंड मेसनरी भट्टीच्या विटांत केली तर १३३, म्हणजे फ्लायॲश विटांच्या साध्या फ्रेमइतकीच. ज्या शाळेला पद्धत बदलणं जमणार नाही, तिने आधी सिमेंटची गोणी आणि वीट बदलावी. यासाठी नवा नकाशा लागत नाही.

लोखंड विरुद्ध आरसीसी, म्हणजे १३२ विरुद्ध १३६, यावर मी निकाल दिला नाही. चार टनांचा हा फरक सळईच्या एका गृहीतकाने उलटतो. राज्यातल्या बऱ्याच सळया जालन्यातल्या इंडक्शन भट्ट्यांतून येतात. तिथे भंगार जास्त पडलं तर सळईचा आकडा १.८ पर्यंत येऊ शकतो, कोळशावरचं स्पंज आयर्न जास्त पडलं तर ३ च्या पुढे. १.८ धरून सेक्शन २.६ वरच ठेवले तर फ्रेम ११९ आणि लोखंड १२८, म्हणजे फ्रेम पुढे. सळई ३.० आणि सेक्शन २.४ धरले तर फ्रेम १४८ आणि लोखंड १३१. बिलावर लिहिलेलं असतं 'टीएमटी, ५००डी'. भट्टीत काय पडलं ते लिहिलेलं नसतं. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची श्रेणी ठरवली, टनामागे २.२ टनांच्या आतलंच पोलाद हरित. ही तारांकित प्रमाणपत्रं तालुक्याच्या दुकानापर्यंत आली, तर हा घोळ कमी होईल. शिवाय लोखंडी सांगाड्याला आगीपासून वाचवणारा लेप लागतो, तो आमच्या हद्दीत नव्हता. म्हणून अहवालात 'हे दोन पर्याय या माहितीवर सारखेच' एवढंच लिहिलं.

कन्फाइंड मेसनरीची आघाडी मात्र सळईच्या कुठल्याही आकड्याला टिकली. १.८ ला ८७ विरुद्ध ११९, ३.० ला १०२ विरुद्ध १४८. भट्टीच्या विटेचा २८० वाला आकडा घेतला तरी ११४ विरुद्ध १५१. चाचण्यांमध्ये क्रम हलला नाही, म्हणून एवढ्या एका निष्कर्षावर मी सही केली.

पण ही आघाडी जमिनीवर अवलंबून आहे. इथे मुरूम वर होता. भीमेच्या काठाकडे गेलं की काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे ९० सेंटिमीटरचा दगडी पाया भिंतीला तडे देईल, आणि खोल जावं लागलं की हे ४० टन पायातच जिरतील. दुसरी मर्यादा विटेची ताकद. आमच्या डिझाइनला ७.५ मेगापास्कलची वीट हवी होती. आयएस १०७७ मध्ये ३.५ चीही वीट बसते आणि गावच्या भट्टीची वीट त्याच वर्गातली असते. म्हणजे भट्टीच्या विटेचा १३३ टनांचा पर्याय कागदावर होता, बांधता आला नसता. तिसरी गोष्ट, संस्थेला पुढे तिसरा मजला चढवायचा असेल तर तो आजच डिझाइनमध्ये धरावा लागेल. त्यांनी लेखी नकार दिला, तेव्हाच पुढे गेलो.

स्लॅब हा उरलेला मोठा घटक. १३० मिलिमीटर जाडीचा ७८ घनमीटर स्लॅब आणि त्यातली सळई मिळून ३२ टन, म्हणजे निवडलेल्या पर्यायाचा एक तृतीयांश. मंगलोरी कौलं भरून फिलर स्लॅब करायचा विचार केला. त्याने तीन टनांच्या आसपास वाचलं असतं. ठेकेदाराने तो कधी केला नव्हता, आणि एका कामात दोन नव्या गोष्टी मला नको होत्या.

कारण एक नवी गोष्टच पुरेशी होती. कन्फाइंड मेसनरीत आधी भिंत चढते. कॉलमच्या जागी विटांचे दात बाहेर ठेवतात आणि मग त्या खाचेत काँक्रीट ओततात, म्हणजे भिंत आणि कॉलम एकमेकांत अडकतात. तिसऱ्या दिवशी साइटवर गेलो तर जोत्यावर चार कॉलम सेंट्रिंग करून ओतायला तयार उभे होते. गवंड्याला विचारलं. त्याने थापी पालथी घातली आणि म्हणाला, "साहेब, कॉलमाशिवाय भिंत उभी राहील होय? आधी कॉलम, मग वीट, आमच्या बापानं बी असंच केलं." तसं केलं असतं तर ती पुन्हा फ्रेमच झाली असती, फक्त हडकुळी, भूकंपात न टिकणारी. सेंट्रिंग काढायला लावली आणि दोन मीटरची नमुन्याची भिंत दात ठेवून बांधून घेतली.

काम झाल्यावर बिलं आणि मोजमाप पुस्तक घेऊन हिशेब पुन्हा मांडला. काँक्रीट १६० ऐवजी १७१ घनमीटर लागलं, सळई १२.५ ऐवजी १३.६ टन, विटांचं काम १४९ घनमीटर. एवढ्याने ९५ चे १०१ झाले. वरच्या स्लॅबच्या वेळी पाऊस तोंडावर होता. पीपीसीला ताकद हळू येते आणि आयएस ४५६ त्याला दहा दिवस पाणी मारायला सांगतं. ठेकेदाराने मला न विचारता ओपीसीच्या गोण्या आणल्या. स्लॅब आणि बीम मिळून ५० घनमीटर, म्हणजे आणखी चार टन. अंतिम आकडा १०५ टन, चौरस मीटरमागे १७६ किलो. अहवालाच्या पहिल्या पानावर १५९ खोडून आम्ही तोच लिहिला.